एका तासाला एकच शिक्षक

महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डावरच्या वेळापत्रकात एका बाजूला वार असतात, दुसऱ्या बाजूला वेळा, आणि प्रत्येक चौकटीत तीन-चार तुटक गोष्टी: विषय, शिक्षकांची आद्याक्षरे, खोलीचा क्रमांक. डोळ्यांना ही मांडणी सोयीची आहे. पण तीच माहिती डेटाबेसमध्ये ठेवायची झाली की चौकटी मोडून तिच्या सरळ ओळी कराव्या लागतात. एका तुकडीचा एक तास म्हणजे एक ओळ. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या अ आणि ब अशा दोन तुकड्यांच्या सहा ओळी घेऊ.

| तास | तुकडी | विषय | शिक्षक | खोली |
|---|---|---|---|---|
| सोम-१ | अ | डेटाबेस | आरएसके | २०४ |
| सोम-१ | ब | गणित | एमडीपी | ३०१ |
| सोम-२ | अ | गणित | एमडीपी | २०४ |
| सोम-२ | ब | डेटाबेस | व्हीएनजे | ३०२ |
| मंगळ-१ | अ | डेटाबेस | आरएसके | २०४ |
| मंगळ-१ | ब | नेटवर्क | एसजीबी | ३०१ |

इथे तास म्हणजे आठवड्यातली एक ठरलेली वेळ. सोम-१ म्हणजे सोमवारचा पहिला तास. खऱ्या वेळापत्रकात अशा शेकडो ओळी असतात, पण जे काही बिघडते ते या सहा ओळींतही बिघडवून दाखवता येते.

तक्ता पाहिल्यावर पहिला प्रश्न असा विचारायचा: कशावरून काय ठरते? तास आणि तुकडी सांगितली, तर विषय, शिक्षक आणि खोली ठरते का? ठरते, कारण एक तुकडी एका वेळी एकाच ठिकाणी बसते. या 'ठरण्या'लाच फंक्शनल डिपेंडन्सी म्हणतात. आपण तिला अवलंबन म्हणू आणि बाणाने लिहू: (तास, तुकडी) → विषय, शिक्षक, खोली. अर्थ इतकाच, की डाव्या बाजूच्या किमती ज्या दोन ओळींत सारख्या असतील, त्या दोन ओळींत उजव्या बाजूच्या किमतीही सारख्याच असल्या पाहिजेत.

या व्याख्येत एक जागा फसवी आहे. अवलंबन तक्त्याकडे पाहून सापडत नाही. वरच्या सहा ओळींत शिक्षकावरून विषय ठरतो असे दिसते, कारण आरएसके फक्त डेटाबेस शिकवतात आणि एमडीपी फक्त गणित. खोलीवरून तुकडीही ठरते असे दिसते: २०४ मध्ये अ, ३०१ आणि ३०२ मध्ये ब. पण यातले काहीही महाविद्यालयाचा नियम नाही. पुढच्या सत्रात आरएसके यांच्याकडे नेटवर्कही आले की पहिला निष्कर्ष कोसळतो, आणि २०४ चा प्रोजेक्टर बंद पडून अ तुकडी ३०१ मध्ये गेली की दुसरा. अवलंबन हे आजच्या ओळींबद्दलचे विधान नसते. या तक्त्यात कधीही येऊ शकेल अशा प्रत्येक वेळापत्रकाबद्दल ते बोलते. त्यामुळे हाताशी असलेल्या ओळी एखादे अवलंबन खोटे ठरवू शकतात, खरे ठरवू शकत नाहीत. खरे-खोटे विचारायचे ते वेळापत्रक लावणाऱ्या प्राध्यापकाला.

त्यांना विचारले की चार नियम हाती येतात. पहिला आपण पाहिलाच. दुसरा, एक शिक्षक एका तासाला एकाच वर्गावर असतो: (तास, शिक्षक) → तुकडी, विषय, खोली. तिसरा, एका खोलीत एका तासाला एकच वर्ग भरतो: (तास, खोली) → तुकडी, विषय, शिक्षक. चौथा नियम वेगळ्या जातीचा आहे: एका तुकडीला एखादा विषय सत्रभर एकच शिक्षक शिकवतात. म्हणजे (तुकडी, विषय) → शिक्षक. या चौथ्या नियमात तास कुठेच नाही, हे लक्षात ठेवावे. पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

आता कँडिडेट की. ज्या रकान्यांच्या किमती कळल्या की सगळी ओळ ठरते, आणि ज्यांतला एकही रकाना काढला तर ती ठरत नाही, असा संच म्हणजे कँडिडेट की. ती शोधायची रीत साधी आहे. काही रकाने हातात घ्यायचे, लागू होणारा प्रत्येक नियम लावून हातातले रकाने वाढवत न्यायचे, आणि शेवटी पाचही आले का ते पाहायचे. (तास, शिक्षक) घेतले तर दुसऱ्या नियमाने बाकीचे तीन लगेच मिळतात. (तुकडी, विषय) घेतले तर चौथ्या नियमाने शिक्षक मिळतो आणि गाडी तिथेच थांबते. तास आणि खोली मिळतच नाहीत.

सगळ्या जोड्या तपासत बसायचीही गरज नाही. चारही नियमांच्या उजव्या बाजू पाहिल्या तर तास त्यांत कुठेही येत नाही. दुसऱ्या कशावरून तास ठरत नाही, म्हणून प्रत्येक कीमध्ये तो असलाच पाहिजे. एकटा तास पुरत नाही, कारण सोम-१ ला दोन ओळी आहेत. तासाला तुकडी जोडली की काम होते, शिक्षक जोडला की होते, खोली जोडली की होते. विषय जोडला तर होत नाही, कारण दोन तुकड्यांना एकाच वेळी गणित असू शकते. म्हणजे या तक्त्याला तीन कँडिडेट की आहेत: (तास, तुकडी), (तास, शिक्षक) आणि (तास, खोली). विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे आणि खोल्यांचे अशी तीन वेळापत्रके विभागात वेगवेगळी छापतात, ती याच तीन की वापरून वाचलेली एकच माहिती असते. पाठ्यपुस्तकात बहुधा एक की ठळक करून दाखवतात आणि विद्यार्थी तेवढीच धरून बसतात. इथे तिन्ही सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

आता तक्ता बिघडवू. आरएसके दीर्घ रजेवर गेले आणि अ तुकडीचा डेटाबेस व्हीएनजे यांच्याकडे दिला. कार्यालयात कुणीतरी सोम-१ ची ओळ बदलली आणि मंगळ-१ ची राहून गेली. आता सोमवारी अ तुकडीला डेटाबेस व्हीएनजे शिकवतात आणि मंगळवारी रजेवर असलेले आरएसके. तिन्ही की शाबूत आहेत, म्हणून डेटाबेसने हा बदल निमूटपणे स्वीकारला. मोडला तो चौथा नियम, आणि त्यावर कुणाची नजर नव्हती. असे झाले आहे का, हे एका प्रश्नात कळते:

```sql
SELECT tukdi, vishay
FROM velapatrak
GROUP BY tukdi, vishay
HAVING COUNT(DISTINCT shikshak) > 1;
```

उत्तरात एक जरी ओळ आली, तरी त्या तुकडीच्या त्या विषयाला दोन शिक्षक लागलेले आहेत.

याच तक्त्याची आणखी एक अडचण सत्राच्या आधीच जाणवते. कोणत्या तुकडीचा कोणता विषय कुणाकडे, हे विभागाच्या बैठकीत आधी ठरते. तास नंतर लागतात. पण तास हा प्रत्येक कीचा भाग असल्यामुळे तो रिकामा ठेवून ओळ भरता येत नाही. झालेली नेमणूक लिहायला या तक्त्यात जागाच नाही. उलट बाजूने, एखाद्या विषयाचे सगळे तास काढून पुन्हा लावायला घेतले, तर तो विषय कुणाकडे होता हेही त्या ओळींबरोबर पुसले जाते.

दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच. 'अ तुकडीचा डेटाबेस आरएसके यांच्याकडे' ही एकच गोष्ट आहे, पण त्या विषयाचे जितके तास तितक्या वेळा ती लिहिली गेली आहे. बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म, म्हणजे बीसीएनएफ, नेमके याच्यावर बोट ठेवतो. त्याची अट एका वाक्याची आहे: तक्त्यातल्या प्रत्येक खऱ्या अवलंबनाची डावी बाजू अशी हवी, की तिच्यावरून संपूर्ण ओळ ठरेल. म्हणजे डाव्या बाजूत एखादी कँडिडेट की पूर्ण सामावलेली हवी. यातून फक्त ती अवलंबने वगळायची ज्यांत उजवी बाजू डावीचाच तुकडा असते, कारण ती कुठेही खरीच असतात. पहिले तीन नियम या कसोटीला उतरतात. चौथा उतरत नाही, कारण (तुकडी, विषय) ही की नाही.

या कसोटीचा जन्मही इथे सांगण्यासारखा आहे. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली डेटा तक्त्यांच्या रूपात मांडायची कल्पना प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत 'थर्ड नॉर्मल फॉर्म'ची अट दिली. त्या अटीत एक सवलत होती. उजव्या बाजूचा रकाना जर कोणत्यातरी कँडिडेट कीचा भाग असेल, तर डाव्या बाजूबद्दल हरकत घ्यायची नाही. आपल्या चौथ्या नियमाची उजवी बाजू आहे शिक्षक, आणि शिक्षक हा (तास, शिक्षक) या कीचा भाग आहे. त्यामुळे आपला तक्ता थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये व्यवस्थित बसतो, आणि तरीही वरचा सगळा घोळ त्यात होतो. एकमेकींत गुंतलेल्या अनेक की असल्या की ही सवलत महागात पडते. रेमंड बॉइस आणि कॉड यांनी ती काढून टाकली आणि १९७४ साली नवी अट पुढे आली. तशीच अट इयान हीथ यांनी १९७१ मध्येच मांडली होती, पण नाव राहिले ते बॉइस आणि कॉड यांचे. एसक्यूएल या भाषेच्या पहिल्या रूपाचे सहकर्ते असलेले बॉइस त्याच १९७४ साली, ऐन तरुण वयात वारले.

उपाय म्हणजे तक्ता दोन भागांत तोडणे. अट मोडणारे अवलंबन स्वतंत्र तक्त्यात ठेवायचे: नेमणूक (तुकडी, विषय, शिक्षक). आणि मूळ तक्त्यातून त्याची उजवी बाजू काढायची: तासिका (तास, तुकडी, विषय, खोली). जोडाचे रकाने, म्हणजे तुकडी आणि विषय, दोन्हीकडे ठेवायचे. नेमणुकीची की आता (तुकडी, विषय) आहे, त्यामुळे चौथा नियम तिथे आपोआप पाळला जातो. आरएसके यांच्या जागी व्हीएनजे आले तर एकच ओळ बदलते. तास लागण्याआधीही नेमणूक लिहिता येते. दोन्ही तक्ते बीसीएनएफमध्ये आहेत.

तोडताना जोड कुठे ठेवला याला फार महत्त्व आहे. समजा कुणी मूळ तक्ता (तास, विषय, खोली) आणि (तुकडी, विषय, शिक्षक) असा तोडला. जोडाला आता फक्त विषय उरला. हे दोन पुन्हा जुळवून पाहा. डेटाबेसच्या तीन तासांपैकी प्रत्येक तास अ आणि ब या दोन्ही तुकड्यांच्या नेमणुकीशी जुळतो, म्हणून सहा ओळी. गणिताच्या दोन तासांच्या चार. नेटवर्कची एक. सहा ओळींच्या अकरा झाल्या. त्यांत सोम-१ ला ब तुकडी २०४ मध्ये डेटाबेस शिकताना दिसते, जेव्हा ती खरे तर ३०१ मध्ये गणिताला बसलेली आहे. ओळी वाढल्या, पण माहिती हरवली, कारण खऱ्या सहा कोणत्या हे आता सांगता येत नाही. हीथ यांनी दाखवले होते, की एखाद्या अवलंबनाची डावी बाजू जोडाला ठेवून तोडले तर जुळवल्यावर मूळ तक्ता जसाच्या तसा परत मिळतो. आपला जोड (तुकडी, विषय) म्हणूनच बरोबर होता.

बऱ्याच वर्गांत विषय इथे संपतो. माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो.

आरएसके यांच्या जागी व्हीएनजे यांच्याऐवजी एसजीबी यांना नेमू. नेमणुकीतली (अ, डेटाबेस) ही ओळ बदलली आणि ती मान्य झाली. तासिका या तक्त्याला हातही लागला नाही. पण मंगळ-१ पाहा. त्या तासाला अ तुकडीला २०४ मध्ये डेटाबेस आहे आणि ब तुकडीला ३०१ मध्ये नेटवर्क. दोन्ही एसजीबी यांच्याकडे. एक माणूस एकाच वेळी दोन मजल्यांवर. मूळ तक्त्यात हे घडलेच नसते, कारण (तास, शिक्षक) ही तिथे की होती आणि दुसरी ओळ जागीच नाकारली गेली असती. तोडल्यानंतर तास एका तक्त्यात गेला आणि शिक्षक दुसऱ्यात. दुसरा नियम तपासायला हे दोन रकाने एकत्र असलेली जागाच उरली नाही. याला अवलंबन न टिकणे म्हणतात. आता टक्कर शोधायची तर दोन्ही तक्ते जुळवावे लागतात:

```sql
SELECT t.taas, n.shikshak
FROM tasika t JOIN nemnuk n
  ON t.tukdi = n.tukdi AND t.vishay = n.vishay
GROUP BY t.taas, n.shikshak
HAVING COUNT(*) > 1;
```

हा प्रश्न टक्कर दाखवतो, पण झाल्यानंतर. ती होऊ देत नाही असे नाही.

यावर हुशार विद्यार्थी एक तोड काढतात: तिसरा तक्ता जोडा, (तास, शिक्षक, खोली). शिक्षकाच्या हातात मिळते ते वैयक्तिक वेळापत्रकच हे. त्याच्या की (तास, शिक्षक) आणि (तास, खोली). तोही बीसीएनएफमध्ये आहे, आणि हरवलेला नियमही परत येतो: तास आणि शिक्षकावरून खोली, खोलीवरून तासिकेत तुकडी. कागदोपत्री सगळे काही मिळाले. पण नेमणुकीत एसजीबी लिहून पाहा. तिसऱ्या तक्त्यात मंगळ-१ ला २०४ मध्ये अजून आरएसकेच आहेत. प्रत्येक तक्ता आपापल्या जागी निर्दोष आहे, तीन मिळून मात्र परस्परविरुद्ध बोलतात. जी पुनरुक्ती एका तक्त्यातून काढली, ती आता तक्त्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसली. बीसीएनएफची नजर एका वेळी एकाच तक्त्यावर असते, म्हणून त्याला ती दिसत नाही.

आपल्याला निदान तिसरा तक्ता तरी सुचला. कात्रिएल बीरी आणि फिलिप बर्नस्टीन यांचा १९७९ चा निबंध याहून पुढे जातो: काही नियमसंच असे असतात, की बीसीएनएफ गाठायचे तर कसेही तोडले तरी एखादे अवलंबन गमवावेच लागते. थर्ड नॉर्मल फॉर्मपाशी थांबलो तर मात्र सगळी अवलंबने टिकवता येतात. त्या सवलतीची हीच दुसरी बाजू आहे.

वेळापत्रकासाठी मी पुढचा मार्ग पसंत करतो. नेमणूक स्वतंत्र ठेवायची, वेळापत्रकातही शिक्षकाचा रकाना राहू द्यायचा, आणि त्या रकान्याला नेमणुकीशी तीन रकान्यांनी बांधायचे. वेळापत्रकाचा तक्ता जाणूनबुजून बीसीएनएफच्या एक पायरी खाली राहतो.

```sql
CREATE TABLE nemnuk (
  tukdi text, vishay text,
  shikshak text NOT NULL,
  PRIMARY KEY (tukdi, vishay),
  UNIQUE (tukdi, vishay, shikshak)
);
CREATE TABLE velapatrak (
  taas text, tukdi text,
  vishay text NOT NULL,
  shikshak text NOT NULL,
  kholi text NOT NULL,
  PRIMARY KEY (taas, tukdi),
  UNIQUE (taas, shikshak),
  UNIQUE (taas, kholi),
  FOREIGN KEY (tukdi, vishay, shikshak)
    REFERENCES nemnuk (tukdi, vishay, shikshak)
    ON UPDATE CASCADE
);
```

चारही नियम आता कोडमध्ये डोळ्यांसमोर आहेत. तीन की, आणि चौथा नियम नेमणुकीच्या कीमध्ये. शिक्षकाचे नाव अनेक ओळींत आहे, पण ते नेमणुकीपेक्षा वेगळे असूच शकत नाही. नेमणुकीत आरएसके काढून व्हीएनजे लिहिले, की अ तुकडीच्या डेटाबेसच्या सगळ्या ओळी आपोआप बदलतात. एसजीबी लिहायला गेलो, तर मंगळ-१ ची टक्कर होऊन पूर्ण बदलच नाकारला जातो आणि काहीही अर्धवट राहत नाही.

यात एक बारकावा सांभाळावा लागतो. दोन शिक्षकांची अदलाबदल करताना पहिला बदल होताक्षणी क्षणभराची टक्कर दिसू शकते आणि बदल अडतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये (तास, शिक्षक) ची अट `DEFERRABLE INITIALLY DEFERRED` ठेवली, की तपासणी व्यवहाराच्या शेवटी होते आणि अदलाबदल सुरळीत पार पडते.

प्रॅक्टिकल आले की मात्र पहिला नियमच मोडतो. अ तुकडीच्या अ१, अ२, अ३ अशा बॅच एकाच तासाला तीन प्रयोगशाळांत जातात, म्हणून (तास, तुकडी) ही की राहत नाही. एकाच विषयाचे प्रॅक्टिकल वेगवेगळ्या बॅचला वेगवेगळे शिक्षक घेतात, म्हणून चौथा नियमही जातो. तुकडीच्या जागी 'गट' हा रकाना ठेवून त्यात कधी अ तर कधी अ१ लिहिले, की चारही नियम पुन्हा लागू होतात. पण सोम-३ ला अ चे व्याख्यान आणि अ१ चे प्रॅक्टिकल एकदम लागले, तर कीला ते कळत नाही, कारण तिच्या दृष्टीने अ आणि अ१ या दोन वेगळ्या किमती आहेत. एक गट दुसऱ्याच्या पोटात आहे, हे अवलंबनाच्या भाषेत सांगताच येत नाही. त्यासाठी कोणती बॅच कोणत्या तुकडीतली याचा तक्ता आणि प्रत्येक बदलाच्या वेळी चालणारा ट्रिगर लागतो. दोन तुकड्या एकाच सभागृहात एकत्र बसवल्या तर तेही तसेच: (तास, खोली) आणि (तास, शिक्षक) या दोन्ही की एकदम मोडतात, आणि 'अ+ब' हा स्वतंत्र गट करून त्यालाही त्याच ट्रिगरच्या पहाऱ्यात आणावे लागते.